आधी माणूस, मग आरोप: बुलेटिनची कॉपी पुन्हा लिहिताना

पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीत मोठे पाडकाम केले. ८ फेब्रुवारीला कारवाई सुरू झाली आणि पुढचे अनेक दिवस चालली. पालिकेने दिलेल्या आकड्यानुसार चार हजारांहून जास्त बांधकामे पडली. त्यात भंगाराची गोदामे होती, तसे लघुउद्योगांचे शेडही होते. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांतून निघणारा पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा आणि लाकूड वर्षानुवर्षे इथेच येऊन वेगळे होत असे. या धंद्यात मुसलमान मोठ्या संख्येने होते, त्यात उत्तर प्रदेश-बिहारकडचे बरेच. जागा मात्र बऱ्याच ठिकाणी स्थानिक मालकांच्या, भाड्याने दिलेल्या.

ही कारवाई योग्य होती की अयोग्य, हा वाद या लेखात मी घेणार नाही. मी बातमीच्या कॉपीवर काम करणारा माणूस आहे. बातमीदाराने पाठवलेला मजकूर अँकरच्या तोंडी बसेल असा करून देणे हे माझे रोजचे काम. माझा मुद्दा एवढाच आहे की कुदळवाडीची बातमी ज्या भाषेत वाचली गेली, ती भाषा मुळात बातमीची नव्हती. अशी कॉपी दुरुस्त करता येते. त्याला ना जास्त पैसा लागतो, ना जास्त वेळ. म्हणून ती दुरुस्त न करणे ही चूक नसून निवड असते, असे माझे म्हणणे आहे.

अशा बातम्यांचा एक ठरलेला साचा आहे. कोणत्याही एका वाहिनीचा शब्दशः मजकूर देत नाही. त्या दिवसांत कानावर पडलेल्या वाक्यांच्या वळणावर हा नमुना मीच तयार केला आहे. वाचकांना तो ओळखीचा वाटेल.

> अँकर: घुसखोरांचा अड्डा अखेर उद्ध्वस्त! चिखलीच्या कुदळवाडीत पालिकेचा बुलडोझर. हजारो अनधिकृत भंगार गोदामं जमीनदोस्त. या ठिकाणी बांगलादेशी आणि रोहिंग्या राहत असल्याची धक्कादायक माहिती समोर आली आहे. या कारवाईमुळे परिसरात एकच खळबळ उडाली आहे.
> दृश्य: जेसीबी, धूर, टोपी घातलेला एक माणूस चालत जाताना.
> बाइट: स्थानिक नागरिक.
> टिकर: कुदळवाडीतले घुसखोर गेले कुठे?

पाच वाक्ये आहेत. त्यांतली बातमी म्हणावी अशी दोन: पालिकेने पाडकाम केले, आणि ते कुठे केले. उरलेल्या तीन वाक्यांना मालकच नाही. घुसखोर कोणी म्हटले? 'माहिती समोर आली' म्हणजे ती कोणाच्या तोंडून आली? खळबळ कोणाला वाटली? अँकर उत्तर देत नाही, कारण मराठीचे व्याकरण त्याला सुटायला वाट देते. 'असल्याचे समजते', 'बोलले जात आहे', 'चर्चा आहे', 'सांगण्यात आले', 'समोर आले आहे'. या क्रियापदांत सांगणारा माणूस नाहीसा होतो आणि आरोप तेवढा शिल्लक राहतो. 'सूत्रांची माहिती' हे तर या सगळ्यांचे एकत्र कुटुंब.

कॉपी हातात आली की माझे पहिले काम म्हणजे अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढायची आणि 'कोणी?' विचारायचे. बातमीदाराकडे नाव, पद किंवा कागद असेल, तर तो वाक्यात आणायचा. नसेल, तर वाक्य खोडायचे. तिसरा रस्ता नाही. नाव लपवण्याची खरी गरज कधी कधी असते, हे मान्य. पालिकेतला कारकून फाइल दाखवतो आणि त्याची नोकरी जाऊ शकते. तेव्हा त्याचे नाव बातमीदाराला आणि संपादकाला माहीत हवे, दुसऱ्या कोणाकडून किंवा कागदावरून खातरजमा झालेली हवी आणि प्रेक्षकाला निदान एवढे सांगायला हवे की तो कोणत्या खात्यातला आहे. पण आडोसा माहिती देणाऱ्या दुबळ्या माणसासाठी असतो. अख्ख्या वस्तीवर आरोप करणाऱ्या बलवान माणसाला तो कशाला हवा?

दुसरे काम वाक्याच्या क्रमाचे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे आपल्याला 'कुदळवाडीतील बांधकामे अनधिकृत असून त्यामुळे प्रदूषण होत होते, असे पालिका अधिकाऱ्यांनी सांगितले' असे लिहायची सवय आहे. वर्तमानपत्रात हे चालते, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कान मागे जात नाही. ऐकणाऱ्याने 'अनधिकृत' आणि 'प्रदूषण' हे दोन्ही शब्द अँकरचे, म्हणजे खरे, म्हणून आधीच घेतलेले असतात. शेवटचे 'असे सांगितले' हे जांभई देण्यापुरते उरते. म्हणून व्हिडिओच्या कॉपीत वाक्य उलटे करायचे: 'पालिकेचं म्हणणं असं, की ही बांधकामं अनधिकृत होती.' आधी माणूस, मग त्याचे म्हणणे. 'असे' वाक्याच्या शेवटून उचलून सुरुवातीला आणणे एवढीच ती दुरुस्ती. कॉपी डेस्कवर नव्याने आलेल्यांना मी हाच नियम पहिल्या दिवशी सांगतो.

तिसरे काम क्रियापदाच्या वजनाचे. साचा असा बनला आहे की अधिकारी 'माहिती देतात', पोलीस 'स्पष्ट करतात' आणि भंगारवाला 'दावा करतो'. एकाच प्रश्नावर दोघे बोलले, तर एकाच्या वाट्याला सत्य येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला संशय. 'कबूल केले' हे क्रियापद तर माणसाला गुन्हेगार ठरवूनच बसते. उपाय सोपा आहे. ज्याची खातरजमा झाली नाही, त्या दोघांच्याही म्हणण्यापुढे 'म्हणाले'. दावा लिहायचा असेल तर दोघांचाही दावा.

आता त्या नमुन्याच्या पोटातला खरा घोळ पाहू. त्यात दोन वेगळ्या बातम्या एकत्र शिवल्या आहेत. पालिकेचे पाडकाम बांधकाम परवानगीच्या कायद्याने होते. महापालिका अधिनियम आणि प्रादेशिक नगररचना अधिनियम यांच्या कलमांखाली नोटीस निघते. त्या नोटिशीत मालकाचे राष्ट्रीयत्व हा मुद्दाच नसतो आणि ते ठरवण्याचा अधिकार पालिकेला नाही. परदेशी नागरिक बेकायदा राहत असेल, तर तो पोलिसांचा विषय. त्याला गुन्हा नोंद लागतो, अटक लागते, कागदपत्रांची पडताळणी लागते. म्हणजे 'घुसखोर' या शब्दासाठी बातमीदाराने पालिकेकडे जायचेच नाही. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात जाऊन विचारायचे: कुदळवाडीतून किती जणांवर, कोणत्या तारखेला, कोणत्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला? आकडा मिळाला तर तो आकडा सांगायचा, मोठा असो वा छोटा. मिळाला नाही, तर तेही सांगायचे. 'बुलडोझर' आणि 'घुसखोर' यांच्यामध्ये जो अदृश्य 'म्हणून' बसवला आहे, तो कोणत्याही कागदात नाही. तो फक्त कॉपीत आहे.

पालिकेला विचारायचे प्रश्न वेगळे, आणि ते सर्वोच्च न्यायालयाने आधीच आखून दिले आहेत. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने पाडकामाआधी कारणे दाखवा नोटीस, उत्तरासाठी किमान १५ दिवस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह अंतिम आदेश, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस आणि पाडकामाचे चित्रीकरण, असे टप्पे सांगितले. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडकामे यांना त्यात अपवाद आहे. बातमीदाराच्या हातात यातून तयार प्रश्नपत्रिका येते. नोटीस कोणत्या तारखेची? सुनावणी झाली का? अंतिम आदेशाची प्रत कुठे आहे? अपवादाचा आधार घेतला असेल, तर कोणत्या बांधकामासाठी? यांतल्या एकाही प्रश्नाला धर्म नाही.

या प्रश्नांच्या उत्तरांवर उभी केलेली कॉपी अशी दिसते. बाइटमधले शब्द मी लिहिलेले नाहीत. ते बोलणाऱ्याचे असतात आणि कॉपी डेस्कने ते कल्पनेने भरायचे नसतात. कॉपीत बाइटची जागा, लांबी, प्रश्न आणि सुपर एवढेच येते.

> अँकर: पिंपरी-चिंचवड महापालिकेनं चिखलीतल्या कुदळवाडीत ८ फेब्रुवारीपासून पाडकाम सुरू केलं आहे. पालिकेच्या आकडेवारीनुसार आतापर्यंत चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली गेली. पालिका म्हणते, ती विनापरवाना होती. व्यापाऱ्यांचे काय प्रश्न आहेत आणि नोटिशींचे कागद काय सांगतात, पाहूया आमच्या प्रतिनिधीकडून.
>
> व्हीओ १ (दृश्य: आजचं पाडकाम; पडद्यावर जागा आणि तारीख): पालिकेचं म्हणणं असं, की इथे परवानगीशिवाय शेड उभे राहिले, आगी लागल्या आणि हवा-पाणी दूषित झालं.
>
> बाइट १, १२ सेकंद: पालिकेचे अधिकारी. सुपर: नाव, पद, विभाग. प्रश्न: नोटीस कधी दिली, सुनावणी कधी घेतली?
>
> व्हीओ २ (दृश्य: नोटिशीचा कागद, तारीख दिसेल असा, खासगी पत्ता झाकलेला): ही नोटीस आम्ही पाहिली. तिच्यावरची तारीख अमुक, मुदत अमुक दिवस.
>
> बाइट २, १५ सेकंद: गोदामचालक. सुपर: नाव, 'गोदामचालक, भाडेकरू, अमुक वर्षांपासून'. प्रश्न: नोटीस मिळाली का? माल हलवायला किती दिवस मिळाले?
>
> बाइट ३, १० सेकंद: जागामालक. सुपर: नाव, 'जागामालक'. प्रश्न: शेड बांधायला परवानगी घेतली होती का?
>
> पीटीसी: इथे परदेशी नागरिक बेकायदा राहत असल्याचा आरोप लोकप्रतिनिधी अमुक यांनी अमुक तारखेला केला. आम्ही पिंपरी-चिंचवड पोलिसांना विचारलं. पोलिसांनी दिलेलं उत्तर असं...
>
> अँकर, शेवट: पालिकेनं सुनावणीची तारीख अजून दिलेली नाही. ती मिळाली की आम्ही सांगू.

'अमुक' जिथे आहे, तिथे बातमीदाराने भरायचे आहे. तो भरू शकला नाही, तर ते वाक्य बातमीत जाणार नाही. शेवटचे वाक्य मी मुद्दाम ठेवले आहे. पालिकेने तारीख दिली, तर अर्थातच ते बदलेल. पण जे मिळाले नाही ते कोणाकडून मिळाले नाही, हे सांगणे हाही संदर्भच आहे.

तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक, सुपर. 'स्थानिक नागरिक' ही ओळख नाही. बोलणारा शेजारच्या सोसायटीतला असेल, ज्याने धुराची तक्रार केली होती, तर ते लिहावे. त्याची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. गोदामांना आगी लागतच होत्या, डिसेंबर २०२४ मधलीही एक मोठी होती. पण तो या वादात कुठे उभा आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. दोन, जागामालक. मूळ नमुन्यात तो कुठेच नाही. शेड बांधून भाडे घेणारा माणूस बातमीतून गायब झाला की बेकायदेशीरपणाचा सगळा भार भाडेकरूच्या डोक्यावर येतो. तीन, चित्र. डिसेंबरच्या आगीचे दृश्य फेब्रुवारीच्या पाडकामावर टाकायचे असेल, तर पडद्यावर 'संग्रहित, डिसेंबर २०२४' असे पूर्ण वेळ हवे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओवर तो कोणी, कुठे, कधी घेतला हे हवे, नाहीतर तो नको. आणि 'घुसखोर' शब्दावर टोपीवाल्या पादचाऱ्याचे दृश्य हा तर शब्दांशिवाय केलेला आरोप आहे. त्या माणसाचे नाव कोणाला माहीत नाही, पण त्याच्या शेजाऱ्याला त्याचा चेहरा माहीत असतो.

मला सांगितले जाते की बुलेटिनला एवढा वेळ नसतो. अँकर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द वाचतो, म्हणजे सेकंदाला दोन. 'पालिकेच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द. एक सेकंद. 'या कारवाईमुळे परिसरात एकच खळबळ उडाली आहे' हे सात शब्द काढले की साडेतीन सेकंद मोकळे होतात. वेळ आहे. तो खळबळीवर खर्च होतो.

मग म्हणतात, साहेब, प्रेक्षकालाच असली भाषा हवी असते. याचे उत्तर त्याच चिखलीत आहे. १७ मे २०२५ रोजी याच पालिकेने इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. बांधकाम बेकायदा ठरलेले, पाडणारी पालिका तीच, गावही तेच, मध्ये फक्त तीन महिने. त्या दिवशी मी पाहिलेल्या बातम्यांत बंगलेधारकांची नावे होती, डोळ्यांतले पाणी होते, कर्जाचे हप्ते होते, भूखंड विकणाऱ्या बिल्डरला जाब होता. हे सगळे योग्यच होते. त्यामुळे प्रेक्षकांनी चॅनेल बदलल्याचे मी तरी ऐकले नाही. म्हणजे नाव-पदासह बाइट घ्यायला, विक्रेत्याला जाब विचारायला, न्यायालयाच्या आदेशाची तारीख सांगायला मराठी वाहिन्यांना येते. कुदळवाडीच्या गोदामवाल्यालाही कर्ज होते, माल होता, मुले शाळेत होती. येते, तरी केले नाही, याला मी निवड म्हणतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. नेत्याने आरोप केला, आम्ही त्याच्या नावाने दाखवला, आमचे काम संपले, असे काही संपादक म्हणतात. नाही संपले. नाव लावणे म्हणजे हात धुणे नव्हे. बदनामीच्या कायद्यातही 'मी फक्त दुसऱ्याचे सांगितले' हा आपोआप बचाव होत नाही. आरोप दाखवायचा, तर त्याच बातमीत, त्याच बुलेटिनमध्ये, पोलिसांचे उत्तर आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे उत्तर हवे. सकाळी नऊला आरोप आणि रात्री अकराला खुलासा, याला दोन्ही बाजू म्हणत नाहीत.

आणि आता आपल्याकडच्यांविषयी. कुदळवाडीनंतर आपल्याही मोबाइलवर यूट्यूब वाहिन्यांचे व्हिडिओ आले. 'मुसलमानांवर बुलडोझर', 'आतून आलेली खबर', 'सूत्रांकडून कळते'. पडलेल्या शेडमध्ये हिंदू उद्योजकांचेही शेड होते, हे त्यांतल्या बऱ्याच व्हिडिओंत नव्हते. नोटिशीचा कागद कोणी दाखवला नाही. ज्या कॉपीने आपल्याला घुसखोर ठरवले, तिचाच साचा घेऊन त्यात आपला राग ओतला, तर साचा तसाच राहतो. शिवाय पुरावा नसलेला आपला एक व्हिडिओ पुढच्या दहा खऱ्या तक्रारींवर पाणी टाकतो. दोघांना एकच नियम: कोणी म्हणाले ते सांगा, कागद दाखवा, ज्याच्याविषयी बोलता त्याला विचारा.

या भाषेचे काय होते, ते आपण २०२० मध्ये पाहिले आहे. तबलिगी जमातच्या बातम्या मार्च-एप्रिलमध्ये चालल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्टला २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार झाल्याचे निकालात नोंदवले. निकाल यायला पाच महिने लागले. अँकरच्या वाक्याला पाच सेकंद लागले होते. त्या पाच महिन्यांत भाजीच्या गाडीवरच्या माणसाला नाव विचारले गेले.

म्हणून घरी बसलेल्या प्रेक्षकानेही कॉपी डेस्कचे काम थोडे करावे. वाक्य खटकले, तर बुलेटिनची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, अँकरचे वाक्य शब्दशः उतरवा आणि त्याखाली एकच प्रश्न लिहा: हे कोणी सांगितले? प्रसारणापासून सात दिवसांच्या आत ते वाहिनीला पाठवा. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर मुदतीत वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाकडे, म्हणजे एनबीडीएसएकडे जा. त्याचा अधिकार सदस्य वाहिन्यांपुरता आहे आणि दंड छोटा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'लव्ह जिहाद'च्या कार्यक्रमांवरून त्याने एका वाहिनीला एक लाख, दुसरीला पन्नास हजार रुपये दंड केला आणि व्हिडिओ काढायला लावले. वाहिनीच्या दृष्टीने एक लाख म्हणजे काहीच नाही. पण असा आदेश ज्या डेस्कवर येतो, तिथे पुढच्या वेळी 'समोर आली आहे' लिहिताना कोणाचे तरी बोट थांबते. 'मुसलमानांचा अपमान झाला' अशी तक्रार बाजूला ठेवता येते. 'नऊ वाजून चार मिनिटांनी तुमचा अँकर अमुक म्हणाला, त्याचा आधार द्या' ही तक्रार बाजूला ठेवता येत नाही.

पाडकामानंतर कुदळवाडीची जागा मोकळी झाली. तिथे काय उभे राहील, हा वेगळा प्रश्न. पण तिथून उठलेल्या लोकांना चाकणमध्ये, मोशीत किंवा आणखी कुठे नवी खोली भाड्याने घ्यायची आहे, आणि घरमालकाने ती बातमी पाहिली आहे. तो त्यांना विचारतो, 'तुम्ही तिकडचेच ना?' त्याला हे कोणी सांगितले, असे विचारा. तो म्हणतो, टीव्हीवर दाखवत होते. टीव्हीला कोणी सांगितले, ते मात्र अजून कोणी विचारलेले नाही.